ग्रान तुरिस्मो ७ मध्ये देवनागरी लिव्हरी: आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने ग्रान तुरिस्मो ७ या कार रेसिंग गेमचा लिव्हरी एडिटर, म्हणजे गाडी रंगवायची-सजवायची जागा, जवळपास रोज उघडतोय. पट्टे ओढणं, नंबर लावणं, तयार स्टिकर चिकटवणं दोन-चार दिवसांत हातात बसतं, त्याबद्दल फार सांगत नाही. मला हवी होती ती टेम्पोच्या मागे पेंटर रंगवतो तशी अक्षरं, "आईचा आशीर्वाद". गाडी सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, कारण स्विफ्ट आपल्याकडे गल्लोगल्ली दिसते.

गेमच्या तयार अक्षरांत देवनागरी नाही. मग स्टिकर बाहेर बनवायचा आणि गेमच्या वेबसाइटवरून चढवायचा. फाइल एसव्हीजीच हवी, वजन जास्तीत जास्त १५ केबी. आत फोटो चालत नाही आणि टाइप केलेली अक्षरंही नाहीत, ती आधी आकारात बदलावी लागतात.

मी इंकस्केप हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम वापरतो. तिथे मराठी टाइप केलं की आशीर्वादमधला रफार बरोबर "वा"च्या डोक्यावर बसतो. जोडाक्षरं नीट न कळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तोच र सुटा होऊन पाय मोडलेला दिसतो, तेव्हा पुढे जाण्याआधी शब्द एकदा मोठा करून वाचावा. मग अक्षरं आकारात बदलायला `Object to Path`. इथे मी पहिल्यांदा फसलो. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि हे तुकडे शेजारच्या तुकड्यावर जरासे चढलेले असतात. मी सगळं `Combine` केलं, तर जिथे एकावर एक आले होते तिथे बारीक भोकं पडली. पांढऱ्या पानावर ती डोळ्यांत आली नाहीत. लाल गाडीवर मात्र शिरोरेषा ठिपक्याठिपक्यांनी तुटलेली दिसली. उपाय म्हणजे `Combine` नाही, `Union`. रेघ सलग होते, आकाराची कड ठरवणारे आतले फालतू बिंदूही जातात.

पण फॉन्टची अक्षरं फॉन्टसारखीच दिसतात, पेंटरच्या हातची वाटत नाहीत. म्हणून एका टेम्पोच्या फाळक्याचा फोटो काढून `Trace Bitmap` ने अक्षरं उचलली. फाइल झाली ६२ केबी. ब्रशच्या कडेचा प्रत्येक खडबडीतपणा त्याने बिंदू टाकून टिपला होता. `Simplify` दाबत गेलो तसं वजन उतरलं, पण "श"ची गाठ गोळा झाली आणि रफाराचं टोक विरघळलं. शेवटी फोटो खाली ठेवून पेन टूलने एकेक अक्षर स्वतः गिरवलं, वळणापुरतेच बिंदू दिले. इंकस्केप दशांशानंतर गरजेपेक्षा जास्त आकडे लिहितो, तेही सेटिंगमध्ये कमी केले. ९ केबी! दोन रविवार गेले, पण आज सगळ्यात जास्त समाधान त्याच फाइलचं आहे.

पेंटरच्या अक्षरांना काळी सावली असते. ती त्याच फाइलमध्ये घातली की १५ च्या वर जात होतं, म्हणून सावलीची वेगळी फाइल केली. दोन्ही फायलींच्या पानाचा आकार तोच ठेवायचा आणि सावली त्या पानावरच थोडी उजवीकडे-खाली सरकवायची. मग गेममध्ये दोन्ही स्टिकरना एकच जागा आणि एकच माप दिलं की ते आपसूक जुळतात. सावली खालच्या लेयरवर.

गाडीवर लावताना लक्षात ठेवायचं की स्टिकर प्रोजेक्टरच्या प्रकाशासारखा एका दिशेने पडतो. दारावर पत्रा बऱ्यापैकी सपाट, तिथे अक्षरं जशीच्या तशी. तीच ओळ मागच्या चाकाच्या फुगीर भागावर गेली की "द" ताणला जातो. म्हणून ओळ दोन दारांतच संपवली. दुसऱ्या बाजूला आरशातली प्रत टाकू नका, अक्षरं उलटी होतात. तिथे स्टिकर नव्याने लावा.

यानंतर रिप्ले बघा. एडिटरमध्ये गाडी जवळ असते, रेसमध्ये ती दहा गाड्यांमागून दिसते. माझा रफार तेवढ्या अंतरावर शिरोरेषेत बुडत होता. तो दीडपट जाड केला आणि रेषेपासून थोडा वर उचलला. सुलेखनाच्या दृष्टीने ते चूक असेल, पण धावत्या गाडीवर वाचता येतं.

शेअर करताना नाव `AAICHA ASHIRWAD` ठेवलं, रोमनमध्ये, म्हणजे कुणालाही शोधता येईल. एक मर्यादा मात्र आहे. लिव्हरी त्याच मॉडेलच्या गाडीला लागते, स्विफ्टची दुसऱ्या गाडीवर जात नाही. एका नागपूरच्या मुलाचा मेसेज आला, "दादा, गाडी नको, नुसती अक्षरं मिळतील का? मला जिम्नीवर लावायचीत." तेव्हा दोन्ही स्टिकर वेगळे शेअर केले, आणि कोणता वर, कोणता खाली हे त्याला लिहून पाठवलं. आठवड्याने त्याने फोटो पाठवला. जिम्नीचं दार उभं आणि सपाट, त्यामुळे ओळ माझ्या स्विफ्टपेक्षा सरळ बसली होती. सावली त्याने गडद निळी हवी म्हणून मागितली आहे, ती फाइल आज रात्री चढवतोय.