अंगठ्याजवळचे हाड बाहेर आले असेल तर: पादत्राण, पट्टी की शस्त्रक्रिया?

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला गाठ दिसू लागली की बहुतेकजण ‘हाड वाढले’ असे म्हणतात आणि ते घासून काढता येईल का, असे विचारतात. प्रत्यक्षात तेथे सहसा नवे हाड वाढलेले नसते. अंगठ्यामागचे तळपायातील लांब हाड हळूहळू आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकते, अंगठा मात्र उलट शेजारच्या बोटाकडे वळतो, आणि या दोहोंच्या कोनात उघडे पडलेले हाडाचे डोके आपल्याला गाठ म्हणून दिसते. डॉक्टर त्याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. पादत्राण बदलावे, सिलिकॉनची पट्टी घ्यावी की शस्त्रक्रिया करावी, हे ठरवण्याआधी ही रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण कोणत्या उपायाला कोठे मर्यादा आहे हे तिच्यावरूनच कळते.

त्या लांब हाडाच्या डोक्याला थेट एकही स्नायू जोडलेला नसतो. त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम सांध्याभोवतीचे आवरण आणि अस्थिबंध करतात. आतल्या बाजूचे बंध एकदा सैल पडले की हाडाचे डोके त्याखालच्या वाटाण्याएवढ्या दोन लहान हाडांवरून घसरते, आणि अंगठा वाकवणारे व उचलणारे स्नायुबंध सांध्याच्या मध्यावरून न जाता बाहेरच्या बाजूने जाऊ लागतात. ताणलेली दोरी धनुष्याला वाकवते, त्याप्रमाणे हे स्नायुबंध प्रत्येक पावलागणिक अंगठ्याला आणखी वळवतात. म्हणूनच ही विकृती सुरू होण्यास अरुंद चप्पल कारणीभूत असली, तरी ती वाढत राहण्यासाठी त्या चपलेची गरज उरत नाही, आणि पुढे कितीही सैल बूट घातला तरी अंगठा आपोआप सरळ होत नाही.

दोष सगळा पादत्राणांचा आहे का? आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे; आई, मावशी आणि मुलगी अशा तिघींच्या पायांची ठेवण एकसारखी असणे नेहमीचे आहे. तरीही १९५८ साली हाँगकाँगमध्ये झालेल्या एका प्रसिद्ध पाहणीत बूट वापरणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के लोकांत हा दोष आढळला, तर अनवाणी राहणाऱ्यांत तो जेमतेम २ टक्के होता. त्यामुळे पायाची ठेवण वारशाने मिळते आणि पादत्राण तिला वळण लावते, असे मानणे मला रास्त वाटते.

उदाहरणासाठी सोलापुरातील दोन बहिणी घेऊ. धाकटी बावन्न वर्षांची शिक्षिका आहे आणि दिवसातील चार-पाच तास वर्गात उभी असते. तिच्या उजव्या पायाला गाठ आहे, ती दुपारनंतर लाल होते, पण घरी आल्यावर सँडल काढली की तासाभरात दुखणे ओसरते. थोरली साठीच्या आसपास आहे. तिचा अंगठा दुसऱ्या बोटाखाली शिरला आहे आणि ते बोट वर उचलले गेले आहे. त्या बोटातील जोडवे रुतू लागल्याने तिला ते काढून ठेवावे लागले, आणि घरात फरशीवर अनवाणी चालतानाही दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, तळव्याला खडा टोचावा तसे दुखते. दोघींच्या पायांचे छायाचित्र पाहिले तर थोरलीचा दोष केवळ थोडा पुढे गेलेला वाटेल, पण दोघींचे दुखणे मुळातच वेगळे आहे. धाकटीला बाहेरून घासल्यामुळे दुखते, तर थोरलीला पावलावरच्या भाराची वाटणी बिघडल्यामुळे.

धाकटीने पहिली तपासणी घरीच करावी. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असताना कोऱ्या कागदावर दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहावे, दुसऱ्या कोणाकडून पेन्सिल उभी धरून पावलाची बाह्यरेषा काढून घ्यावी आणि रोजची सँडल त्या आकृतीवर ठेवावी. समजा पावलाची सर्वात रुंद जागा ९.८ सेंटीमीटर भरली आणि तेथेच सँडलचा तळ ८.४ सेंटीमीटर असेल, तर उरलेले जवळजवळ दीड सेंटीमीटर पाऊल दिवसभर पट्ट्याच्या दाबाखाली असते. ‘चामडे सैल होईल’ हे दुकानातील आश्वासन तळाच्या रुंदीला लागू होत नाही, आणि रेक्झिनला तर मुळीच लागू होत नाही.

नवी पेठेतील कोणत्याही दुकानात पर्याय पुष्कळ दिसतात, पण या दुखण्यासाठी त्यांची तुलना एकाच प्रश्नावर करावी: हे पादत्राण पायाला कोठे धरून ठेवते? ज्या बेलीला वर पट्टा नसतो ती पायातून निसटू नये म्हणून पुढे घट्टच असावी लागते. तिचा दाब थेट गाठीवर येतो, आणि टाच उंच असेल तर पाऊल उतारावरून पुढे सरकून तो दाब आणखी वाढतो. साध्या रबरी चपलेत गाठ मोकळी राहते, परंतु चप्पल पायात टिकवण्यासाठी बोटे सतत आवळून धरावी लागतात, त्यामुळे ती घरापुरती ठीक आहे. पावलाच्या उंचवट्यावर आणि टाचेमागे पट्टा असलेली सँडल, किंवा नाडी अथवा व्हेल्क्रो असलेला रुंद बूट, पायाला मध्यावर पकडतो. त्यामुळे पुढचा भाग निर्धास्तपणे सैल ठेवता येतो. धाकटीसाठी मी हाच पर्याय निवडेन. टाच अडीच-तीन सेंटीमीटरपेक्षा उंच नसावी आणि सर्वात लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा असावी.

कोल्हापुरी चपलेविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ती आपल्याकडे केवळ हौसेची वस्तू नाही. २०१९ मध्ये तिला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात सोलापूर जिल्ह्याचाही समावेश आहे. तिचा पुढचा भाग उघडा असतो आणि टाच सपाट असते, हे तिचे गुण आहेत. मात्र अंगठा अडकवण्याची चामड्याची कडी वळलेल्या अंगठ्याला सरळ करत नाही, उलट त्याच्या कडेला घासते, आणि बाजूचे कान नेमके गाठीवर येत असतील तर नव्या चपलेने फोड येतो. ओळखीच्या कारागिराकडून तेवढ्या जागेचे चामडे ठोकून मऊ व सैल करून घेता येते, म्हणून धाकटीला ती चालेल. थोरलीला मात्र चालणार नाही, कारण पातळ कडक तळामुळे दुसऱ्या बोटामागचा भार अधिकच टोचेल. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेली असेल तर चामड्याने फोड आल्याचेही कळत नाही. अशा व्यक्तीने कोणताही प्रयोग करण्यापूर्वी पाय डॉक्टरांना दाखवावा.

आता पट्ट्यांकडे वळू. अंगठा आणि दुसरे बोट यांच्यामध्ये ठेवायचा सिलिकॉनचा तुकडा बोटांचे एकमेकांना घासणे थांबवतो, पण आधीच अरुंद असलेल्या बुटात तो घातला तर जागा आणखी कमी होते आणि गाठ बाहेर ढकलली जाते. रात्री बांधायची पट्टी अंगठा ओढून धरते, सकाळी तो सरळ झाल्यासारखा दिसतो, आणि ती सोडून चालू लागले की स्नायुबंध त्याला पुन्हा जुन्या जागी नेतात. जाहिरातींतील ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे बहुधा याच मधल्या वेळेची असावीत, असा माझा संशय आहे. दुसऱ्या बोटामागच्या भारासाठी तळव्याची लहान मऊ गादी अधिक उपयोगी पडते, मात्र ती दुखऱ्या जागेखाली न ठेवता तिच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला बसवावी लागते. नेमकी दुखऱ्या जागी ठेवली तर दुखणे वाढते.

या उपायांची मर्यादा दाखवणारी एक चांगली चाचणी फिनलंडमध्ये झाली आणि २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील २०९ रुग्णांचे शस्त्रक्रिया, बुटातील खास आधार आणि केवळ वाट पाहणे असे तीन गट केले होते. सहा महिन्यांनी आधार वापरणाऱ्यांना वाट पाहणाऱ्यांपेक्षा कमी दुखत होते, पण वर्षअखेर हा फरक उरला नाही. शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती मात्र वर्षाअखेरीस सर्वात चांगली होती. इंग्लंडमध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासातही बुटातील आधाराने विकृतीची वाढ थांबली नाही. म्हणून आपल्या मुलीचा अंगठा वळू नये यासाठी महागडा आधार घेण्यापेक्षा तिच्या शाळेच्या बुटाची रुंदी दरवर्षी तपासणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

शस्त्रक्रियेचा विचार करताना एक्स-रे उभे राहून काढलेला असावा, कारण झोपून काढलेल्या चित्रात पावलावर भार नसल्याने कोन कमी दिसतो. अंगठ्याचा कोन साधारण १५ अंशांपर्यंत सामान्य मानतात आणि ४० अंशांपुढे दोष तीव्र समजतात. तरीही शस्त्रक्रिया केवळ कोनावरून ठरवू नये. धाकटीचा कोन २७ अंश असला, तरी रुंद सँडलने तीन महिन्यांत दुखणे थांबले तर तिला शस्त्रक्रियेची गरज नाही. थोरलीने योग्य पादत्राण आणि गादी वापरूनही अनवाणी चालताना दुखते, शिवाय दुसरे बोट जागा सोडत आहे, म्हणजे तिच्यासाठी बाह्य उपाय संपत आले आहेत. गाठ अचानक लाल, गरम होऊन रात्री असह्य दुखली तर ते युरिक ॲसिडमुळेही असू शकते, आणि त्याची तपासणी व औषध वेगळे असते.

शस्त्रक्रियेत नुसती गाठ घासून काढणे सहसा पुरेसे नसते, कारण मागचे हाड तिरकेच राहिले तर दोष परत येतो. म्हणून ते हाड कापून योग्य जागी सरकवतात आणि स्क्रूने पक्के करतात. कडक तळाची खास सँडल घालून टाचेवर थोडे चालणे बहुधा लवकर सुरू करता येते, पण हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात आणि सूज पूर्ण उतरायला सहा महिने ते वर्षही लागू शकते. सांधा ताठर होणे, त्वचेला बधिरपणा येणे, भार शेजारच्या बोटाकडे जाणे आणि काही वर्षांनी अंगठा पुन्हा वळणे, या शक्यता सर्जनने आधीच सांगायला हव्यात. यातील ताठरपणा आपल्याकडे विशेष जाचतो, कारण जमिनीवरून उठताना आणि उकिडवे बसताना अंगठा वरच्या बाजूला बराच वाकावा लागतो. थोरली रोज पूजेला खाली बसत असेल तर हे तिने सर्जनला आवर्जून सांगावे.

थोरलीच्या घरी वैशाखात लग्न असेल आणि त्याआधी पाय ‘मोकळा’ करून घेण्याचा तिचा विचार असेल, तर फाल्गुनात शस्त्रक्रिया करून घेऊ नये. लग्नाच्या वेळी हाड जुळलेले असले तरी सूज उतरलेली नसेल, नेहमीची चप्पल पायात शिरणार नाही आणि उन्हाळ्यात दिवसभर उभे राहिल्याने ती आणखी वाढेल. लग्न रुंद सँडल आणि गादीवर निभावून पावसाळ्यानंतरची तारीख घ्यावी, आणि तोवर रक्तातील साखर व पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा.