सी-वन अ‍ॅडव्हान्स्डचा 'वर्ड फॉर्मेशन' भाग: काही महिने रोज सोडवल्यानंतर

केंब्रिजच्या सी-वन अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेची तयारी करताना मी सगळ्यात जास्त वेळ दिला तो रीडिंग अँड यूज ऑफ इंग्लिश पेपरमधल्या तिसऱ्या भागाला. हे त्या सरावाचं परीक्षण आहे. त्यासाठी तीन गोष्टी वापरल्या: अधिकृत नमुना पेपर, फोनवरचं एक ॲप (नाव लिहीत नाही) आणि घरी केलेली वही. नमुना पेपर उत्तम, वही बरी पण जपून वापरायची, आणि ॲप पहिल्या महिन्यानंतर निरुपयोगी. असं का म्हणते, ते सांगते.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक छोटा उतारा असतो आणि त्यात आठ रिकाम्या जागा असतात. जिथे जागा आहे त्या ओळीच्या शेवटी, उजवीकडे, कॅपिटल अक्षरांत एक शब्द दिलेला असतो. त्या शब्दाचं नाम, विशेषण, क्रियाविशेषण किंवा त्याचं नकारार्थी रूप करून वाक्यात बसवायचं. दिलेला शब्द जसाच्या तसा कधीच चालत नाही. प्रत्येक जागेला एक गुण, आणि स्पेलिंग चुकलं की तो गेला. बी-टू फर्स्टलाही हाच प्रकार आठ जागांचा असतो, पण शब्द जरा ओळखीचे असतात. शाळेत आपण 'शब्दसिद्धी' हा धडा केलेला असतो, उपसर्ग-प्रत्यय वगैरे, त्यामुळे पहिल्या दिवशी हे फार सोपं वाटतं. फसगत इथेच होते, कारण उत्तर उजवीकडच्या शब्दात शोधायचं नसतं. ते आजूबाजूच्या वाक्यांत असतं.

मी स्वतः रचलेला एक तुकडा घेऊ, पेपरमधल्या उताऱ्यांच्या धर्तीवर:

> द फेरी वॉज सो ____ दॅट मोस्ट आयलंडर्स हॅड गिव्हन अप वेटिंग फॉर इट. — रिलाय
> देअर ____ टू रीच द मेनलँड इन विंटर वरीड द डॉक्टर्स. — एबल
> ____, द न्यू बोट ब्रोक डाउन इन इट्स फर्स्ट वीक. — फॉर्च्यून
> द ओल्ड वन, डिस्पाइट इट्स एज, हॅज प्रूव्हड ____ कम्फर्टेबल. — सरप्राइज

माझी मावसबहीण बी-टूची तयारी करते, तिला हे दिलं. पहिल्या जागेत तिने लगेच 'रिलायेबल' लिहिलं. मी म्हटलं, पुन्हा वाच. "ताई, बसतंय की! वॉज सो नंतर विशेषणच येणार." विशेषण येणार हे अगदी बरोबर. पण बोट भरवशाची असेल तर बेटावरचे लोक तिची वाट बघणं कशाला सोडतील? तिथे 'अनरिलायेबल'च हवं. दुसऱ्या जागेत 'देअर'नंतर नाम हवं, म्हणून 'अ‍ॅबिलिटी' व्याकरणात फिट बसतं, पण हिवाळ्यात किनाऱ्याला पोचता येतंय याची डॉक्टरांना काळजी कशाला वाटेल? म्हणून 'इनअ‍ॅबिलिटी'. तिसऱ्या जागेपुढे स्वल्पविराम आहे, म्हणजे अख्ख्या वाक्याला लागणारं क्रियाविशेषण हवं, आणि नवी बोट पहिल्याच आठवड्यात बंद पडली, म्हणून 'अनफॉर्च्युनेटली'. फॉर्च्यूनपासून तिथवर जायला तीन बदल करावे लागतात: मागे 'एट', त्याला 'ली', आणि पुढे 'अन'. चौथ्या जागेपर्यंत येताना हाताला नकाराची सवय लागलेली असते आणि तिथे नकार नाही. जुनी असूनही बोट आरामशीर निघाली, म्हणून 'सरप्राइझिंगली'.

या प्रकारातली खरी खोच नकारात आहे. नाम की विशेषण हे चुकलं तर वाक्य कानाला खटकतं आणि चूक लगेच सापडते. नकार राहून गेला तर वाक्य गुळगुळीत वाचलं जातं, खटकत काहीच नाही. म्हणून जागा भरल्यावर मी ते वाक्य तपासत नाही, त्याच्या पुढचं वाक्य वाचते. पुढचं वाक्य आधीच्यावरून सरळ पुढे जात नसेल तर नकार सुटलाय. कधीकधी फुकटची मदतही मिळते: जागेच्या आधी 'अ‍ॅन' छापलेलं असेल तर शब्द स्वराने सुरू होणार. म्हणजे 'अ‍ॅन ____ सर्व्हिस' असं असेल आणि शब्द रिलाय असेल, तर 'रिलायेबल' तिथे येऊच शकत नाही. उलट बाजूने मात्र हा ताळा चालत नाही, कारण 'अ' असलं तरी पुढे 'डिस' किंवा 'मिस' लागलेला नकार असू शकतो.

आता ॲपवरचा राग. त्यात प्रत्येक जागा सुट्या वाक्यात येते, मागेपुढे काही नाही. त्यामुळे नकार आहे की नाही हे ठरवायला त्या एका वाक्यात ठसठशीत खूण द्यावी लागते, आणि सराव होतो तो फक्त ती खूण ओळखण्याचा. त्यात भर म्हणजे जागेच्या वर बारीक अक्षरांत 'विशेषण', 'नाम' असं लिहिलेलं असतं. अर्धं काम तेच, आणि ते त्यांनीच करून दिलेलं! ॲपमध्ये जवळजवळ सगळं बरोबर येत असताना नमुना पेपरमध्ये मात्र आठपैकी पाच, असं माझं बरेच दिवस चालू होतं. शब्द मला येत होते, उतारा वाचायची सवय होत नव्हती. सुरुवातीला प्रत्ययांची ओळख करून घ्यायला ॲप ठीक आहे, त्यापुढे नाही.

कुठला उपसर्ग लावायचा, हा वेगळाच विषय. पुस्तकांत नियम असतो की एलच्या आधी 'इल', आरच्या आधी 'इर', एम किंवा पीच्या आधी 'इम'. इल्लीगल, इर्रेग्युलर, इम्पॉसिबल. मग अनरिलायेबल का, आरने सुरू होतो तरी? कारण 'इन' आणि त्याची ही भावंडं लॅटिनकडून आलेली, तर 'अन' इंग्रजीचा घरचा. साध्या वापरातल्या क्रियापदाला 'एबल' लावून झालेल्या विशेषणाला बहुतेक वेळा 'अन' लागतो: अनरिडेबल, अनब्रेकेबल, अनअव्हॉइडेबल. अपवाद आहेत, 'इर्रिप्लेसेबल' हा त्यातला एक, त्यामुळे याला नियम न म्हणता कल म्हणावं. पण मला सगळ्यात उपयोगी पडली ती एक लहानशी जोडी-यादी, जी मला एकत्र कुठे मिळाली नाही म्हणून वहीत करावी लागली. काही शब्दांत विशेषणाला 'अन' लागतो आणि त्याच्याच नामाला 'इन': अनेबल पण इनअ‍ॅबिलिटी, अनस्टेबल पण इनस्टॅबिलिटी, अनईक्वल पण इनईक्वॉलिटी, अनजस्ट पण इनजस्टिस. हे चार पाठ असतील तर निदान त्या जागांवर तरी अडायला होत नाही.

मराठी माणसाची एक खास अडचण आहे, ती कुठल्या पुस्तकात सापडत नाही. आपण 'भयंकर महाग' म्हणतो, 'तो सुंदर गातो' म्हणतो. विशेषण तेच, क्रियाविशेषण म्हणूनही तेच, प्रत्यय काही नाही. त्यामुळे वरच्या चौथ्या जागेत 'सरप्राइझिंग कम्फर्टेबल' आपल्या कानाला बिघडलेलं वाटत नाही. इंग्रजीत मात्र विशेषणाच्या आधी येऊन त्याचं प्रमाण सांगणाऱ्या शब्दाला अशा ठिकाणी 'ली' लागतोच. माझा उपाय साधा: जागेच्या लगेच पुढे विशेषण असेल आणि त्याच्याही पुढे नाम नसेल, तर आधी पेन्सिलने 'ली' लिहून ठेवायचा आणि मग पुढचा विचार करायचा. पुढे नाम असेल तर दोन्ही शक्यता उरतात, तिथे अर्थ बघावा लागतो.

वहीबद्दल. सुरुवातीला मी सगळे करतात तसं केलं, एकेका मूळ शब्दाचं कुटुंब चार रकान्यांत. पानं भरतात, समाधान वाटतं, पण त्यातले निम्मे शब्द कधी वाचनात येत नाहीत. नंतर रकाने टाकून बदलाच्या प्रकाराप्रमाणे पानं केली. एक पान आतून बदलणाऱ्या शब्दांचं: स्ट्राँगचं स्ट्रेंथ, डीपचं डेप्थ, हायचं हाइट, पुअरचं पॉव्हर्टी, प्रूव्हचं प्रूफ, चूझचं चॉइस. यांना प्रत्यय लावत बसलं तर काही हाती लागत नाही, ते माहीतच असावे लागतात. दुसरं पान क्रियापद बनवण्याचं, कारण ते सगळे विसरतात: स्ट्रेंथन, वाइडन, एनलार्ज, एन्करेज. 'टू' किंवा 'कॅन'नंतर जागा आली आणि दिलेला शब्द नाम किंवा विशेषण असला, की हे पान आठवायचं.

तिसरं पान स्पेलिंगचं. इथे आपल्याकडच्या बोर्डांवर, नोटिसांवर वर्षानुवर्षं वाचलेलं डोळ्यांत बसलेलं असतं. 'मेन्टेन'मधली शेवटची ए-आय जोडी 'मेन्टेनन्स'मध्ये उरत नाही, तिच्या जागी ई येतो. 'प्रनाउन्स'मधला ओ 'प्रनन्सिएशन'मध्ये गळतो. 'ऑक्युअर'ला एक आर, 'ऑक्युअरन्स'मध्ये दोन. 'आर्ग्यू'चा ई 'आर्ग्युमेंट'मध्ये जातो, पण 'नोटिस'चा ई 'नोटिसेबल'मध्ये राहतो. ब्रिटिश किंवा अमेरिकन, कुठलंही स्पेलिंग चालतं, फक्त दोन्हींची सरमिसळ करायची नाही.

नाम आलं की अनेकवचनही बघायचं. 'सेव्हरल ____' असेल आणि शब्द इन्व्हेंट असेल, तर 'इन्व्हेन्शन' लिहून गुण मिळत नाही, एस हवाच. आणि तीच जागा माणसाची असली तर 'इन्व्हेंटर्स'. पुढचं क्रियापद सहसा सांगून टाकतं: शोध लागतात, लावणारी माणसं असतात.

वेळेचं म्हणाल तर पेपर ९० मिनिटांचा, आठ भागांत ५६ प्रश्न. प्रत्येक भागाला वेगळी वेळ ठरवून दिलेली नसते. मी तिसऱ्या भागाला दहाच्या आत मिनिटं ठेवते, त्यातलं पहिलं मिनिट उजवीकडचे शब्द हाताने झाकून नुसता उतारा वाचण्यात जातं. ज्यांना शब्द भरपूर येतात त्यांचे गुण याच मिनिटाने वाढतात, असं माझं मत झालंय.

तक्रार एकच उरते. सी-वनला कधीकधी प्रत्ययाऐवजी दुसरा अख्खा शब्दच जोडावा लागतो: ड्रॉचं ड्रॉबॅक, कमचं आउटकम, वाइडचं वाइडस्प्रेड. मी वापरलेल्या सराव साहित्यात यांना फारच थोडी जागा होती. ते मला बातम्या आणि लेख वाचतानाच गोळा करावे लागले, आणि त्यांचं वहीतलं पान अजून अर्धंच भरलंय.