पर्वती चढताना नाडी: सरांच्या वीस मिनिटांच्या वर्गानंतरचा माझा अनुभव

आमचा चालणाऱ्यांचा गट सकाळी पुण्यातल्या सारसबागेत जमतो. आठवडाभर बागेत सपाटीवरच्या फेऱ्या, आणि रविवारी पर्वतीची टेकडी, वरच्या देवळापर्यंत. गटप्रमुख शाळेतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक, सगळे त्यांना सरच म्हणतात. दिवाळीनंतर त्यांनी ज्येष्ठांसाठी एक छोटा वर्ग घेतला: नाडी कशी मोजायची आणि चाल कधी कमी करायची. वीस मिनिटांत आटोपला, शेवटी प्रत्येकाला एक कार्ड मिळालं. हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही त्या पद्धतीनं चालून झाले, म्हणून आता लिहिते. मी ६७ वर्षांची, रक्तदाब काठावर, रोजची गोळी अजून नाही. आमचे हे ७२ चे, त्यांना गोळी आहे. त्या गोळीमुळे काय झालं ते पुढे येईलच.

आधी मोजण्याबद्दल, कारण खरी गंमत तिथेच आहे. तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाकडून मनगटावर खाली यायचं. हाड आणि शीर यांच्यामध्ये एक खोलगट जागा लागते, तिथे दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट टेकवायचं. अंगठा लावायचा नाही, कारण अंगठ्याचे स्वतःचे ठोके जाणवतात आणि भलतंच मोजलं जातं. आमच्यातल्या निम्म्या लोकांना नाडी सापडेना, कारण सगळे दाबत होते. जोरात दाबलं की ठोका नाहीसाच होतो. सर म्हणाले, "अहो, पेढा उचलताना जेवढा जोर लावता तेवढाच लावा." लगेच सापडली सगळ्यांना.

मानेवर मोजायला त्यांनी साफ मनाई केली. सिनेमात बघून काही जण थेट गळ्याला हात लावत होते. तिथे दाब पडला तर उतारवयात काहींची नाडी एकदम मंदावते, चक्कर येते. मनगट असताना त्या वाटेला जायचंच कशाला?

घड्याळात १५ सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचं. ठोका पडतो त्या क्षणी सुरुवात करायची आणि तो ठोका शून्य धरायचा, एक नाही. फरक किरकोळ वाटतो, पण चारने गुणलं की एका ठोक्याचे चार होतात. खरी अडचण निघाली चष्म्याची. सेकंदकाटा बघायला जवळचा चष्मा लागतो आणि तो चालताना कोणाजवळ नसतो. त्यामुळे आम्ही जोड्या केल्या. ज्याला घड्याळ दिसतं तो हात वर करून तयार राहतो, मोजणारा ठोका लागला की "सुरू" म्हणतो, आणि १५ सेकंदांनी घड्याळवाला "थांब" म्हणतो. डिसेंबरच्या थंडीत बोटं बधिर होतात तेव्हा हात आधी दोन मिनिटं शालीत ठेवावे लागतात, नाहीतर काहीच लागत नाही.

आता सरांच्या कार्डाबद्दल. त्यावर वयाप्रमाणे आकडे छापले होते. २२० मधून वय वजा करायचं, येईल ती नाडीची कमाल मर्यादा, आणि तिच्या निम्म्यापासून ७० टक्क्यांपर्यंत मध्यम व्यायाम. माझ्या वयाला कमाल १५३, म्हणजे चालताना ७७ ते १०७. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की हे मला बसत नाही. सकाळी उठण्याआधी अंथरुणातच माझी नाडी ७२ असते, तेव्हा ७७ म्हणजे जेमतेम उठून बसल्यासारखं झालं. सपाटीवर चांगल्या चालीनं चालले की १०० येते, आणि पर्वतीच्या माथ्यावर ११६. कार्डाप्रमाणे मी दर रविवारी धोक्यात! प्रत्यक्षात मात्र वर पोहोचल्यावर मी शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलत असते.

सरांना हे दाखवलं तर ते म्हणाले की हे सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसात दहा ठोके इकडे-तिकडे सहज होतात. विश्रांतीची नाडी धरून केलेला हिशेब ज्येष्ठांना जास्त जुळतो. तो असा: कमाल १५३ मधून विश्रांतीचे ७२ गेले, उरले ८१. त्याच्या ४० ते ६० टक्के म्हणजे साधारण ३२ ते ४९. त्यात परत ७२ मिळवले की १०४ ते १२१. हे मला तंतोतंत लागू पडलं. मग कार्डावर पहिला आकडा छापलाच का, असं विचारलं तर हसून म्हणाले, "सोपा आहे म्हणून." माझ्या मते वर्गाचा हा एकच कच्चा भाग. सोपा आकडा देऊन लोकांना घाबरवण्यापेक्षा रोजची स्वतःची नोंद ठेवायला आधी सांगायला हवं होतं.

कारण खरा उपयोग झाला तो त्या नोंदीचाच. कॅलेंडरच्या चौकोनात मी तीन आकडे लिहिते: अंथरुणातली नाडी, वर पोहोचल्याबरोबरची, आणि त्यानंतर एका मिनिटाची. हे तिसरं सरांनी अगदी आग्रहानं शिकवलं. थांबल्यावर पहिल्या काही सेकंदांतच मोजायला लागायचं, कारण नाडी झपाट्यानं उतरते. पाणी पिऊन, घाम पुसून मोजलं तर जो आकडा मिळतो तो चढाचा नसतोच. पहिली मोजणी झाली की एक मिनिट उभ्याउभ्या पाय हलवत राहायचं आणि पुन्हा मोजायची. धपकन बसायचं नाही. चढून आल्यावर पायांतल्या शिरा मोकळ्या झालेल्या असतात, एकदम थांबलं तर रक्त खाली साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

माझं नेहमीचं गणित असं. माथ्यावर १५ सेकंदांत २९, म्हणजे ११६. मिनिटानं २४, म्हणजे ९६. वीस ठोके उतरले. दवाखान्यात ट्रेडमिलच्या चाचणीनंतर पहिल्या मिनिटात बारा किंवा त्याहून कमी उतार दिसला तर डॉक्टर त्याची दखल घेतात, पण ती चाचणी जोरात दमवून घेतलेली असते. त्यामुळे आमच्यासारख्यांनी तो आकडा स्वतःला जसाच्या तसा लावू नये, आपल्या कालच्या आकड्याशी आजचा ताडून बघावा, असं सर म्हणाले.

मार्चमध्ये या ताडण्याचा पुरावा मिळाला. आठवडाभर तापानं झोपले होते, ताप गेला आणि रविवारी उत्साहानं निघाले. सकाळी अंथरुणात १५ सेकंदांत २१ लागले होते, म्हणजे ८४, नेहमीपेक्षा बारा जास्त. पर्वतीच्या पायऱ्या १०३, पण रुंद आणि उतरत्या, एका पायरीवर दोन पावलं पडतात. त्यामुळे चढ फसवा आहे, दम लागतो तेव्हा अर्ध्यावर आलेलो असतो. अर्ध्यावर मोजली तर ३१, म्हणजे १२४. मिनिटभर थांबून २९, म्हणजे ११६. फक्त आठ उतरले. छातीत काही नाही, चक्कर नाही, बोलताना मात्र वाक्य मध्येच तुटत होतं. सरांनी आकडे ऐकले आणि म्हणाले, "ताई, आज देव खालूनच." मी दहा मिनिटं रमतगमत खाली आले. पुढचे काही दिवस बागेतच हळू फेऱ्या घातल्या, अंथरुणातली नाडी ७६ वर आली तेव्हाच परत चढले. मनाला विचारलं असतं तर त्या दिवशी मी वर गेलेच असते, कारण अंग बरं वाटत होतं.

उन्हाळ्यात आणखी एक कळलं. एप्रिलमध्ये त्याच चालीला, त्याच फेरीला नाडी आठ-दहानं वर असते, कारण अंग थंड ठेवायला हृदय कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, आणि घामानं पाणीही जातं. चाल तीच ठेवायचा हट्ट सोडायचा, नाडी तीच ठेवायची. आम्ही अर्धा तास लवकर निघायला लागलो.

आता आमच्या ह्यांचं. त्यांना बीटा-ब्लॉकर आहे, मेटोप्रोलॉल. ती गोळी नाडीला फार वर जाऊ देत नाही. सपाटीवर ७६, चढावर ८८, आणि धाप मात्र लागलेली. आठवडाभर ते आकडा दाखवून सगळ्यांना सांगत होते की माझं हृदय तरुणाचं आहे. सरांनी मग त्यांच्या कार्डावरचे आकडे पेनानं खोडले आणि त्यांना बोलण्याची कसोटी दिली: चालता चालता एक आख्खा श्लोक म्हणता आला तर चाल बरोबर, गाता आला तर आणखी वेग चालेल, दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर हळू व्हा. मनाचे श्लोक पाठ असल्यानं त्यांची सोय झाली. मधुमेहाचं इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या आणि सोबत ही गोळी असेल तर साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर दबून जाते, घाम मात्र येतो. म्हणून अशांनी विनाकारण घाम फुटला की खिशातली साखर तोंडात टाकायची. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही नाडी कमी ठेवू शकतात, हे मला नवीन होतं.

मनगटी घड्याळाबद्दल विचाराल तर, मुलानं दिलेलं माझ्याकडे आहे. बसल्यावर चांगलं दाखवतं. चालताना पट्टा सैल असला तर पावलांचा ठेका नाडी समजून बसतं. ते ११२ दाखवत होतं आणि बोटांनी ९६ लागले. आता पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर घट्ट बांधते, तरी शंका आली की बोटं.

एका गोष्टीसाठी हा वर्ग मी कोणालाही सुचवेन. जोडीनं मोजताना आमच्यातल्या एका काकांची नाडी कशीही पडत होती: दोन जवळ, एक लांब, मग तीन घाईत, ठेकाच नाही. एखादा ठोका चुकणं बऱ्याच जणांत असतं, पण हे सतत होतं. अशा वेळी १५ सेकंदांचा हिशेब चालत नाही, पूर्ण मिनिट मोजावं लागतं, आणि तरी काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. सरांनी त्यांना चालणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे ठेका सोडून नुसते थरथरतात. त्यात हृदयात रक्ताच्या गाठी होऊन लकव्याचा धोका असतो. औषध सुरू झालं, आता ते बागेत फेऱ्या घालतात.

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम यांपैकी काही झालं तर नाडी मोजत बसायचं नाही, जागीच बसायचं आणि १०८ ला फोन. हे वाक्य सरांनी आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

पुढचा वर्ग पावसाळ्यानंतर आहे. छापलेल्या आकड्यांचा रकाना काढून तिथे तीन रिकामे रकाने ठेवायचे ठरलं आहे. येणाऱ्यांनी चालू गोळ्यांची आणि डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी सोबत आणावी, सर ती आधी बघतात.