हळदीच्या चार्टवर एडीएक्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमची वसमतजवळ हळद असते. शिजवून, वाळवून, पॉलिश झालेली कांडी एप्रिलअखेर घरात आली की एकच प्रश्न उरतो: आता मोंढ्यात न्यायची की ठेवायची? त्यासाठी मी यंदा हळदीच्या वायद्याच्या रोजच्या चार्टवर एडीएक्स लावला आणि डिसेंबरपर्यंत रोज संध्याकाळी पाहिला. भावाच्या चालीत जोर किती आहे ते सांगणारी ही रेषा, आणि तिच्यासोबत चढाची प्लस आणि उताराची मायनस अशा आणखी दोन रेषा असतात. वायदे मी करत नाही, फक्त घरातला माल कधी काढायचा एवढ्यापुरतंच पाहतो. सेटिंग 14 दिवसांचं, म्हणजे जे. वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये हे साधन मांडलं तेव्हाचंच ठेवलं.

मोठी चूक जूनमध्येच झाली. एडीएक्सची रेषा 20 वरून 31 पर्यंत चढली. चढती रेषा म्हणजे तेजी, असं माझ्या डोक्यात बसलेलं. धाकट्या भावाला म्हटलं, "थांबू, जोर वाढतोय." तो म्हणाला, "दादा, जोर वाढतोय खरा, पण भाव तर रोज उतरतोय की." त्याचं बरोबर होतं. मायनसची रेषा वर होती, प्लसची खाली, आणि जोर होता तो मंदीचा. त्या थांबण्यात दहा क्विंटल माल नंतर कमी भावाने द्यावा लागला.

असं का होतं, ते वहीवर आकडे मांडल्यावर कळलं. प्लसची रेषा आदल्या दिवसाचा उच्चांक ओलांडून भाव किती वर गेला ते मोजते, मायनसची आदल्या नीचांकाखाली किती गेला ते, दोन्ही रोजच्या एकूण चालीच्या प्रमाणात. दोन्ही बाजूंना गेला असेल तर मोठी बाजूच धरली जाते. मग या दोन रेषांमधला फरक त्यांच्या बेरजेने भागायचा आणि शंभराने गुणायचा. प्लस 32, मायनस 12 असेल तर फरक 20, बेरीज 44, उत्तर साधारण 45. आता उलट करा, प्लस 12 आणि मायनस 32. उत्तर तेच 45, कारण फरक घेताना चिन्ह सोडून दिलेलं असतं. दिशा तिथेच गळते. ती पुढे एडीएक्समध्ये शोधून सापडणार नाही, त्यासाठी दोन रेषांत वर कोण आहे हेच पाहायचं.

रोजचं हे उत्तर थेट दिसत नाही. कालच्या एडीएक्सला 13 ने गुणून त्यात आजचं उत्तर मिळवायचं आणि 14 ने भागायचं. एडीएक्स 20 वर असताना रोजचं उत्तर 45 येऊ लागलं, तरी पहिल्या दिवशी तो 21.8 च होतो आणि 25 ओलांडायला चौथा दिवस उजाडतो. त्यात प्लस-मायनसच्या दोन रेषाही अशाच संथ केलेल्या असतात. म्हणून वळण लागताना हा उशिराच बोलतो. दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा फरक शून्याजवळ येतो, म्हणजे दिशा बदलते नेमकी तेव्हा एडीएक्स उतरत असतो. उतरता एडीएक्स पाहून "भाव आता उलटणार" असंही समजू नये. आधीचा जोर ओसरतोय, एवढंच त्यातून कळतं.

वायद्याच्या चार्टवर आणखी एक खड्डा आहे आणि तो कुणी मला सांगितला नव्हता. एक सौदा संपला की सगळे सौदे जोडून केलेला सलग चार्ट पुढच्या सौद्यावर उडी मारतो. दोन सौद्यांच्या भावात 700 रुपयांचा फरक असेल, तर बाजार जागचा हलला नसतानाही चार्टवर 700 ची तेजी उमटते. हिशेब करून पाहिला. रोजची चाल 200 ची आणि दोन्ही रेषा 21 वर गुंतलेल्या धरल्या, तर त्या एका उडीने प्लस 37 वर आणि मायनस 16 वर जाते. 16 वरचा एडीएक्स मग पुढचा आठवडाभर चढत राहून 22 च्या पुढे पोचतो. ओळखायची रीत सोपी आहे: पुढचा सौदा स्वतंत्र उघडायचा. तिथे त्या तारखेला उडी नसेल, तर ती नुसती सांधणीची खूण. आता मी सलग चार्ट बंद करून ज्या सौद्यात उलाढाल जास्त तोच पाहतो. त्याला मागचे दिवस मात्र पुरेसे हवेत. सुरुवातीचे महिनाभराचे आकडे मी धरतच नाही, आणि दोन ॲपवर आकडे थोडे वेगळे दिसण्याचं कारणही बहुतेक वेळा मागचा डेटा कमी-जास्त असणं हेच असतं.

मला याचा खरा उपयोग झाला तो ऑगस्टनंतर. एडीएक्स 20 खाली असला की रोजच्या शे-दोनशेच्या चढउताराने मी मोंढ्याकडे गाडी काढत नाही. 25 वर, चढता आणि प्लस वर असेल तर माल तसाच ठेवतो. 25 वर आणि मायनस वर असेल, तर गरजेपुरता माल लगेच काढतो. तरी वायद्याचा डिलिव्हरीचा मुख्य बाजार निझामाबादचा, आपल्या मोंढ्यातला भाव आवक आणि मालाच्या ओलीवर वेगळा पडतो, म्हणून गाडी भरण्याआधी आडत्याला फोन करतोच.

आज एडीएक्स 17 आहे, दोन्ही रेषा एकमेकींत गुंतलेल्या. गोदामात अजून चौदा क्विंटल आहे. नवी काढणी फेब्रुवारीत सुरू होईल, त्याआधी हा माल निघायला हवा. ती तारीख मी चार्टवर नाही, कॅलेंडरवर पाहतोय.