सिंगल वॉल की डबल वॉल टेंट: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

आधी माझा सिंगल वॉल टेंट होता, म्हणजे एकच कापड, वजनाला हलका आणि पाच मिनिटांत उभा राहणारा. पहिल्याच पावसाळी रात्री आतून सगळं ओलं, स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक तर पिळून काढावं लागलं. मला वाटलं कापड गळतंय, पण त्यावर तर ३००० मिमी असं वॉटरप्रूफ रेटिंग लिहिलेलं, मग पाणी येतंय कुठून? दुसऱ्या रात्री टॉवेलने आतली एक जागा कोरडी पुसली आणि टॉर्च लावून बघत बसलो. गळती असती तर पाणी शिलाईच्या रेषेवरून किंवा एखाद्या ठिकाणाहून आलं असतं, इथे मात्र सगळीकडे सारखे बारीक थेंब धरले, अगदी पाऊस थांबल्यावरसुद्धा. म्हणजे ती आमच्याच श्वासाची वाफ होती, थंड कापडाला लागून तिचं पाणी होत होतं. दोन माणसं रात्रभरात अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी श्वासातून सोडतात, आणि पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने व्हेंट उघडे ठेवूनही फारसा फरक पडत नाही.

मग डबल वॉल घेतला, म्हणजे आत जाळीचा इनर आणि त्यावर वेगळं पावसाचं कापड, फ्लायशीट. वाफ यातही धरतेच, हे नीट समजून घ्या, पण ती फ्लायशीटच्या आतल्या बाजूला धरते आणि थेंब तिथूनच खाली ओघळतात, आपण जाळीच्या इनरमध्ये कोरडे राहतो. अट एकच, फ्लाय आणि इनर एकमेकांना चिकटता कामा नये. नायलॉनची फ्लाय भिजली की सैल पडते, म्हणून झोपायच्या आधी दोऱ्या परत एकदा ताणायच्या, मी हे एकदा विसरलो तर डोक्याकडची बाजू पूर्ण भिजली. पॉलिएस्टर तेवढं सैलावत नाही, म्हणून पावसाळ्यासाठी मला तेच बरं वाटतं.

आता मिमीचं. कापडावर किती उंचीचा पाण्याचा स्तंभ ठेवला की पाणी झिरपायला लागतं तो हा आकडा. पावसाच्या थेंबाचा दाब त्यामानाने कमी असतो, त्यामुळे फ्लायला १५०० मिमीही चालतं, ३००० असेल तर वापराने कोटिंग झिजलं तरी हाताशी काहीतरी उरतं. खरा दाब पडतो खाली! ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की तेवढ्या जागेवर अंगाचं सगळं वजन येतं, आणि माझ्या टेंटमध्ये पाणी नेमकं तिथूनच आलं, ३००० च्या फ्लोअरमधून, गुडघ्याएवढा ओला डाग. त्यामुळे फ्लोअर ५००० किंवा वर बघा, आणि टेंटखाली अंथरलेली शीट टेंटच्या कडेबाहेर डोकावत असेल तर दुमडून आत घ्या, नाहीतर फ्लायवरून ओघळणारं पाणी तिच्यावर साचून थेट तुमच्या पाठीखाली येतं.

एक राहिलंच, घरी आल्यावर टेंट ओला गुंडाळून ठेवू नका. माझ्या जुन्याचं पीयू कोटिंग त्यानेच चिकट झालं, वास यायला लागला आणि मग पापुद्रे सुटले.