कंपनीनं ऐनवेळी नकार दिला : प्राचार्यांना एक पत्र द्यावं की दोन?

मंजूर झालेली इंटर्नशिप कंपनीनं रद्द केली की प्राचार्यांना पत्र द्यावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोडं अडतं ते पत्र कधी द्यायचं इथं. एक मार्ग म्हणजे रद्द झाल्याचं कळताच पत्र देऊन बदलाची परवानगी मागायची आणि नव्या कंपनीचं नाव मागाहून दुसऱ्या पत्रानं कळवायचं. दुसरा मार्ग म्हणजे दोन-चार दिवस थांबून नव्या कंपनीचा होकार घ्यायचा आणि सगळं एकाच पत्रात मांडायचं. मागच्या वर्षी मी पहिला मार्ग धरला आणि माझ्याच बेंचवरच्या मित्रानं दुसरा. कंपनी एकच, रद्द झाल्याचा दिवसही एकच, त्यामुळं तुलना आयती झाली.

बुटीबोरीतल्या त्या कारखान्यात आम्हाला 2 जून ते 12 जुलै 2025 असे सहा आठवडे मिळाले होते. 29 मे, गुरुवारी दुपारी मेल आला, की यंदा प्रशिक्षणार्थी घेता येणार नाहीत. कारण दिलं नव्हतं. मी घाबरून शुक्रवारी सकाळीच अर्ज घेऊन कॉलेजात गेलो. सोमवारपासून आपण कुठंच नसू आणि कागदावर मात्र बुटीबोरीत असू, हे मला नको होतं. भीती अगदीच खोटी नव्हती. पण अर्जात मी एवढंच लिहिलं होतं, की ‘सदर कंपनीने इंटर्नशिप रद्द केल्यामुळे मला अन्य कंपनीत इंटर्नशिप करण्याची परवानगी मिळावी’.

आता सह्यांचं सांगतो, कारण माझं मत बनलं ते तिथंच. अर्ज थेट प्राचार्यांकडे जात नाही. ‘मार्फत’ लिहून आधी गाइडची सही, मग इंटर्नशिप समन्वयकांची, मग विभागप्रमुखांची, मग आवक नोंद, आणि तेव्हा कुठं तो प्राचार्यांच्या टेबलावर जातो. उन्हाळी सुट्टीत हे चौघं एका दिवशी कॉलेजात सापडणं म्हणजे लॉटरीच. त्यात नवतपा. दुपारी एक वाजता दुपट्टा बांधून गाडीवर निघायचं, पोहोचल्यावर कळायचं की सर आत्ताच गेले. मंगळवारी, 3 जूनला, अर्ज परत मिळाला. कोपऱ्यात शेरा होता, ‘हरकत नाही’. खाली सही आणि तारीख. मी खूश.

बुधवारी तोच कागद घेऊन हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत गेलो. तिथल्या एचआर मॅडमनी तो वाचला आणि विचारलं, यात आमच्या कंपनीचं नाव कुठंय? त्यांना त्यांच्या नावानं कॉलेजचं पत्र हवं होतं. कॉलेजात परत आलो, तर ऑफिसमधले बाबू म्हणाले, ‘अरे भाऊ, परवानगी कोणत्या कंपनीची हेच यात नाही, मी पत्र कोणाच्या नावानं काढू? नवा अर्ज आण.’ त्यांचं काही चुकत नव्हतं. ‘अन्य कंपनी’ला हरकत नसून उपयोग काय? म्हणजे पुन्हा तीच चार टेबलं. दुसरा अर्ज 5 तारखेला दिला, तो 11 तारखेला सुटला. 16 जूनला रुजू झालो आणि सहा आठवडे 26 जुलैला संपले. कॉलेज 14 जुलैला सुरू झालं होतं, त्यामुळं दोन आठवड्यांची हजेरी बुडाली. त्यासाठी तिसरा अर्ज.

मित्र त्या शुक्रवारी कॉलेजला फिरकलाच नाही. ‘अर्ज देऊन काय करू बे, आधी कंपनी तर पाहू दे,’ म्हणाला. शुक्रवार-शनिवार तो हिंगण्यात चकरा मारून आला. मंगळवारी त्याच्या हाती एका कंपनीचा दोन ओळींचा मेल होता : कॉलेजचं पत्र मिळाल्यास 9 जून ते 19 जुलै घेऊ. ऑफर लेटर नव्हतं, आणि इथंच बरेच जण अडकतात. कंपनी म्हणते कॉलेजचं पत्र आण, कॉलेज म्हणतं कंपनीचं पत्र आण. हा पेच अशा दोन ओळींच्या मेलनं सुटतो. त्याच्या विभागप्रमुखांना तेवढा पुरला. शुक्रवारी त्याच्या हातात परवानगी आणि कंपनीच्या नावाचं पत्र, दोन्ही होतं. सोमवारी तो कामावर.

त्याचा अर्ज मी नंतर वाचला. मजकूर साधारण असा होता :

विषय : इंटर्नशिपची कंपनी व कालावधी बदलण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : 1) इंटर्नशिप मंजुरीचे पत्र (जावक क्रमांक व दिनांक) 2) पूर्वीच्या कंपनीचा दि. 29/05/2025 चा ई-मेल.
महोदय, संदर्भ 1 अन्वये मला 2 जून ते 12 जुलै या कालावधीसाठी मंजुरी मिळाली होती. संदर्भ 2 अन्वये कंपनीने असमर्थता कळवली आहे. सोबत जोडलेल्या ई-मेलनुसार नवी कंपनी मला 9 जून ते 19 जुलै या कालावधीत घेण्यास तयार आहे. तरी कंपनी व कालावधीतील बदलास, तसेच 14 ते 19 जुलैच्या अनुपस्थितीस परवानगी मिळावी आणि कंपनीच्या नावे पत्र देण्यात यावे, ही विनंती.

माझ्या अर्जात कंपनी बदलायची एकच मागणी होती. यात चार आहेत, आणि चारही एका सहीत निघाल्या. तारखांची मागणी बहुतेक जण विसरतात. मग शेवटी प्रमाणपत्रावर 19 जुलै आणि मंजुरीपत्रावर 12 जुलै दिसतं, आणि अहवाल तपासताना गाइड तिथंच पेन टेकवतात. जुन्या कंपनीबद्दल तक्रारीचा एक शब्द नाही, हेही मला आवडलं. माझ्या पहिल्या अर्जात ‘बेजबाबदारपणे’ असा शब्द होता, तो समन्वयकांनी खोडायला लावला होता.

तरी पहिला मार्ग अगदीच टाकाऊ म्हणणार नाही. हातात एकही कंपनी नसेल आणि आठवडा उलटून जाणार असेल, तर रद्द झाल्याचं लेखी कळवून ठेवलेलं बरं. फक्त त्यात परवानगी मागू नका, माहिती द्या : अमुक तारखेला रद्द झालं, शोध सुरू आहे, नाव ठरताच अर्ज करतो. असा कागद आवक नोंदीला टाकला की झालं, सह्यांची फेरी वाचते. तुमच्या कॉलेजात मेलवर चालत असेल तर आणखी सोपं. आमच्याकडे चालत नव्हतं.

रद्द झाल्याचं फोनवरच कळलं असेल, तर दोन्ही मार्गांत अडचण येते, कारण जोडायला कागदच नसतो. अशा वेळी आपणच मेल टाकावा, ‘आज फोनवर झालेल्या बोलण्यानुसार आमची इंटर्नशिप रद्द झाली आहे, कृपया दुजोरा द्यावा.’ उत्तर आलं तर उत्तमच, नाही आलं तरी आपला मेल तारखेसह राहतो.

आणि अर्जाची एक झेरॉक्स सोबत न्या, तिच्यावर आवकचा शिक्का मारून पोच घ्या. माझा दुसरा अर्ज दोन दिवस कुठल्या फाइलखाली होता ते कुणालाच सांगता येईना. शेवटी झेरॉक्सवरच्या आवक क्रमांकावरून तो सापडला.