आठ महिने सेलर अकाउंट वापरून झाल्यावर: सस्पेन्शन, दोन अपील आणि एक टेप

कुर्ती विकते ऑनलाइन, आठ महिने झाले. पहिले सहा महिने मी याला पाच स्टार दिले असते, सातव्यात एकही नाही. एका सकाळी लॉगिन केलं तर अकाउंट सस्पेंड, कारण रिटर्न रेट जास्त, आणि पेमेंटपण होल्डवर.

पहिलं अपील मी रागात लिहिलं. लोक लग्नाला घालून परत पाठवतात, पिशवीत घामाचा वास येतो, रिटर्नचं कुरियर माझ्या खिशातून जातं, घर यावरच चालतं, असं सगळं. दोन दिवसांत रिजेक्ट. उत्तरात एकच मागणी: मूळ कारण काय, काय दुरुस्त केलं, पुढे काय करणार.

मग चिडतच रिटर्न रिपोर्ट डाउनलोड केला. आधी आरटीओ, म्हणजे गिऱ्हाईकाने घेतलंच नाही ते पार्सल, बाजूला काढलं. तीन महिन्यांत ४१२ ऑर्डर, ९७ रिटर्न, साडेतेवीस टक्के. त्यातले ६१ एकाच मरून रेयॉन कुर्तीचे, जिच्या ऑर्डरच १४० होत्या! ती वगळली तर बाकीचा रेट १३ टक्क्यांवर येतो. आणि त्या ६१ पैकी ४८ जणींनी कारण दिलेलं, साइज लहान.

इथे माझं मत फिरलं. साइज चार्ट मी दुसऱ्या लिस्टिंगवरून उचलला होता, टेप लावून मोजायचा कंटाळा. त्यात ३८ म्हणजे अंगाचं माप. माझी कुर्ती आडवी पसरून मोजली तर बगलेखाली १९ इंच, म्हणजे कापडच ३८. जिची छाती ३८ तिला ती अडकणारच, दोन इंच तरी सैल हवं ना. बाई लग्नाला घालून परत पाठवत नव्हती, तिला ती जातच नव्हती.

दुसरं अपील अर्ध्या पानाचं. रडगाणं शून्य. वरचे आकडे, मग "चार्टमध्ये अंगाचं माप आणि कपड्याचं माप यांची गल्लत झाली, चूक आमची". मग केलेलं काम: ती लिस्टिंग बंद केली, उरलेला प्रत्येक साइज मोजून नवा चार्ट टाकला, टेप लावलेला फोटो जोडला. शेवटी पुढचं: नवीन माल आला की प्रत्येक साइजचा एक नग मोजूनच लिस्टिंग, आणि दर सोमवारी रिटर्नची कारणं बघणार, एकाच कुर्तीवर "साइज" पाचदा आलं की विक्री थांबवणार. जे झालंय ते झालं म्हणून लिहिलं, जे करायचंय ते करणार म्हणून. चार्ट बदलायच्या आधीच बदलला असं लिहू नका, लिस्टिंग उघडली की दिसतं.

पाचव्या दिवशी अकाउंट चालू. पण रिटर्न कुरियरचे कापलेले पैसे काही परत आले नाहीत, ते मी अजून विसरले नाहीये. टेप वीस रुपयांची होती.

तीन स्टार. मरून कुर्त्या अजून गठ्ठ्यात पडून आहेत, कुणाला छत्तीस छातीला हव्या असतील तर सांगा.